चौरस स्लॅबची यील्ड लाइन: २४ यायला हवं तिथे ३४ का येतं

चारही कडांवर नुसता टेकलेला चौरस स्लॅब घ्या, वर सगळीकडे सारखा लोड. तो मोडायला आला की तळाच्या बाजूने दोन्ही कर्णांवर तडे रुंदावतात आणि त्या रेषांवरच्या सळया यील्ड होतात, म्हणजे जोर न वाढता ताणत राहतात. मग स्लॅबचे चार त्रिकोण आपापल्या कडेभोवती फिरत मध्याकडे खाली बसतात. पालथा, बसका पिरॅमिड डोळ्यांसमोर आणा, तोच हा आकार. के. डब्ल्यू. जोहान्सेन या डॅनिश इंजिनिअरने १९४३ च्या प्रबंधात या रेषांवरून स्लॅबची ताकद काढायची यील्ड लाइन पद्धत नीट बांधून दिली. आपल्याला तिचा सगळ्यात सोपा नमुना सोडवायचा आहे. सोपा म्हणतात खरा, पण यातच सगळ्यात जास्त लोक घसरतात.

बाजू L, प्रति चौरस मीटर लोड w आणि स्लॅबची प्रति मीटर रुंदीची मोमेंट क्षमता m. खालची जाळी दोन्ही दिशांना सारखी धरू. म्हणजे m कुठल्याही कोनातल्या रेषेवर तेवढाच राहतो, कर्णावरसुद्धा. रीत अशी: खाली जाताना लोडने केलेलं काम आणि यील्ड होणाऱ्या सळयांनी खाल्लेलं काम समान ठेवायचं.

लोडने केलेलं काम

मध्य δ ने खाली गेला असं धरा. पिरॅमिडचं घनफळ L²δ/3, त्याला w ने गुणा, झालं: wL²δ/3.

सळयांनी खाल्लेलं काम

आता अडचणीची जागा. नियम पाठ असतो: m गुणिले रेषेची लांबी गुणिले फिरण्याचा कोन. प्रश्न एवढाच, की कुठली लांबी आणि कुठला कोन?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगतो. दोन कर्णांची मिळून लांबी 2√2·L, बरोबर. प्रत्येक त्रिकोण आपल्या कडेभोवती δ/(L/2), म्हणजे 2δ/L इतका फिरतो, हेही बरोबर. कर्णाच्या दोन्ही अंगांना एकेक त्रिकोण आहे म्हणून कोन दुप्पट करून 4δ/L घेतला आणि गुणाकार करून मोकळा झालो. आलं 8√2·mδ, आणि त्यावरून w = 33.9 m/L². कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी आकड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे दोन त्रिकोण एकाच अक्षाभोवती फिरतात का?"

नाही फिरत. शेजारच्या दोन त्रिकोणांच्या कडा एकमेकींना काटकोनात आहेत, त्यामुळे त्यांच्या फिरण्याचे अक्षही काटकोनात. असे दोन कोन सरळ बेरजेने जोडता येत नाहीत. कर्णावर जो सांधा उघडतो त्याचा कोन कर्णाला लंब दिशेतच मोजावा लागतो. मध्यापासून त्या लंब दिशेने गेलात तर L/√2 अंतरावर दुसरा कोपरा लागतो आणि तिथे खाली जाणं शून्य. म्हणजे एका अंगाचा उतार √2·δ/L आणि दोन्ही अंगांचा मिळून 2√2·δ/L. आता गुणा: m × 2√2·L × 2√2·δ/L = 8mδ.

माझ्या चुकीत √2 एकदा जास्त शिरला होता. क्षमता ४१ टक्क्यांनी फुगली होती, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. यील्ड लाइनमध्ये हे कायम लक्षात ठेवावं लागतं. ही वरच्या मर्यादेची पद्धत आहे. गणित अचूक करूनही चुकीचा तड्यांचा नमुना धरला तर उत्तर जास्तीच येतं, आणि त्यात गणितही फसलं तर कुणी वाचवायला नाही.

म्हणून मी आता कर्णाच्या वाटेला जातच नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. एक त्रिकोण उचला. त्याच्या दोन तिरप्या रेषांचा त्याच्या कडेवर पडणारा प्रक्षेप मोजा, तो भरतो L. कोन त्या त्रिकोणाचा स्वतःचा, 2δ/L. काम m × L × 2δ/L = 2mδ. असे चार, म्हणून 8mδ. एक लक्षात ठेवा: प्रक्षेप घेतला तर कोन कडेभोवतीचा, खरी लांबी घेतली तर कोन रेषेला लंब. यातलं एक आणि त्यातलं एक असं उचललं की ३४ आलंच म्हणून समजा.

दोन्ही कामं समान ठेवली की

```
w L² / 3 = 8 m
m = w L² / 24
```

पडताळा

पुस्तकं ही पायरी बहुधा गाळतात. मी गाळू देत नाही, कारण दोन ओळींत चूक उघडी पडते. एकच त्रिकोण सुटा करा. त्यावरचा भार wL²/4, आणि त्याचा मध्य कडेपासून L/6 वर. कडेभोवतीचा मोमेंट wL³/24. कडेची प्रतिक्रिया कडेवरच असल्यामुळे ती यात येत नाही. समोरून तोलणारा मोमेंट m × L. पुन्हा m = wL²/24. इथे δ नाही, कोन नाही, √2 तर नाहीच.

कोपऱ्यांचं काय

नुसत्या टेकलेल्या स्लॅबचे कोपरे लोड आला की वर उचलतात. ते वरून दाबलेले नसतील, किंवा दाबलेले असून कोपऱ्यात वरच्या बाजूला सळया नसतील, तर तडा थेट कोपऱ्यापर्यंत जात नाही. कोपऱ्याजवळ तो फांदीसारखा दुभंगतो आणि दोन्ही कडांना जाऊन भिडतो. या नमुन्यात स्लॅब थोडा आधी मोडतो: २४ च्या जागी साधारण २२. त्या फाट्यांचं किचकट गणित करायची गरज नाही, m दहा टक्के वाढवा आणि पुढे चला. कोपरे नीट दाबलेले असून तिथे वरच्या बाजूलाही खालच्याइतकी जाळी असेल तर २४ तसाच ठेवा.

आकडे घालून

४ मीटर बाजूचा, १५० मिमी जाडीचा स्लॅब, सुरक्षा गुणक धरून लोड १२ किलोन्यूटन प्रति चौ. मी. मग m = 12 × 16 / 24 = 8, म्हणजे ८ किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर. कोपऱ्यांसाठी दहा टक्के धरून ८.८. माझ्या जुन्या चुकीने हेच ५.७ आलं असतं.

५०० ग्रेडच्या ८ मिमी सळया २५० मिमी अंतरावर, दोन्ही दिशांना: क्षेत्रफळ २०१ चौ. मिमी प्रति मीटर. आता परिणामी खोली. कव्हर २० मिमी धरलं तर खालच्या थराला १२६ मिमी मिळते, वरच्या थराला ११८. जाळी सारखी असली तरी m सारखा नाही, हे इथे दिसतं. मी दोन्हींसाठी ११८ च घेतो. २५ ग्रेडच्या काँक्रीटमध्ये त्यावर सुमारे ९.९ मिळतात, ८.८ पेक्षा पुरेसे जास्त.

स्लॅब किती वाकेल, तडे किती रुंद होतील, शिअर पेलेल का, यातलं काहीही या गणिताने कळत नाही. ते वेगळं तपासा. आणि सळया कमी व न तुटता बऱ्याच ताणल्या जाणाऱ्या असतील तरच हे सगळं खरं: स्टील ठासून भरलं की काँक्रीट आधी चुरडतं, कर्णभर यील्ड पसरायला वेळच मिळत नाही आणि २४ हा आकडा निरर्थक होतो.