तीन गुणांचे उत्तर तीन वाक्यांत कसे बसवावे

लांब उत्तर आखूड करायचे म्हटले की "मुद्देसूद लिहा" एवढाच सल्ला मिळतो. मुद्दा कोणता आणि भर कोणती, हे कोणी सांगत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. एकच प्रश्न घेऊन पाहू: "उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला का उकळते?" गुण तीन.

सरावाच्या वहीत साधारण असे उत्तर सापडते:

"उकळणे म्हणजे द्रवाचे वायूत रूपांतर होणे. पाणी हा महत्त्वाचा द्रव आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. आपण जसजसे वर जातो तसतशी हवा विरळ होते. हवा विरळ झाल्यामुळे वातावरणाचा दाब कमी होतो. पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. डोंगरावर दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. म्हणून तिथे अन्न शिजायला वेळ लागतो."

पहिली पायरी: प्रश्नातल्या "का"खाली रेघ मारा. व्याख्या विचारलेली नाही आणि परिणामही विचारलेला नाही. त्यामुळे पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य गेले.

दुसरी पायरी: एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एकदा ठेवा. विरळ हवा आणि कमी दाब हा परीक्षकाच्या हिशेबात बहुधा एकच मुद्दा असतो. दाब ठेवा.

तिसरी पायरी अवघड आहे. इथे मी स्वतः कित्येक वेळा गुण घालवले आहेत.

उत्तर आखूड करताना हात आपोआप जड वाक्याकडे जातो. बाष्पदाबाचे वाक्य लांब आणि बोजड वाटते, म्हणून तेच कापले जाते. मी परीक्षेत लिहिले होते: "उंचावर हवा विरळ असते, वातावरणाचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते." वाचायला उत्तर पूर्ण वाटते. मिळाला एक गुण. नंतर शांतपणे पाहिले तेव्हा कळले की शेवटचा तुकडा म्हणजे प्रश्नच उलटा करून लिहिलेला होता. दाब कमी असण्याचा उकळण्याशी काय संबंध, हे मी कुठे सांगितलेच नव्हते, आणि नेमका त्यालाच गुण होता.

कारण विचारणाऱ्या प्रश्नात गुण बहुतेकदा मधल्या दुव्याला असतात. तो दुवा ओळखायला मी एक कसोटी वापरतो. प्रत्येक "म्हणून", "त्यामुळे" किंवा "असल्यामुळे"पाशी थांबायचे आणि विचारायचे: याच्या आधी लिहिलेल्यावरून याच्या पुढचे खरोखर निघते का? मधे काही गृहीत धरावे लागत असेल तर तिथे वाक्य हरवले आहे.

ही कसोटी वरच्या लांब उत्तरालाही लावा. "डोंगरावर दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते" इथे ती अडते. बरोबरीची अट आधी सांगितलेली आहे, पण ती कमी तापमानाला का पूर्ण व्हावी? कारण तापमान वाढते तसा बाष्पदाब वाढतो. हे आठ वाक्यांत कुठेच नाही! भरीच्या शब्दांखाली ही उणीव झाकली गेली होती. म्हणून मी ठामपणे सांगतो: आखूड करताना काही वेळा वाक्य वाढवावेही लागते.

चौथी पायरी: उरलेले नव्याने लिहा. जुन्या उत्तरातले शब्द खोडून जोडकाम करू नका, त्यात "तो" आणि "त्याचा" कोणाबद्दल आहे ते कळेनासे होते. बाणांच्या खुणाही नकोत. खाली जाणारा बाण दाब कमी झाला एवढेच सांगतो, कशामुळे आणि पुढे काय ते सांगत नाही.

"उंचावर वातावरणाचा दाब कमी असतो. पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. तापमानाबरोबर बाष्पदाब वाढतो, त्यामुळे उंचावरच्या कमी दाबाची बरोबरी तो १०० अंश सेल्सिअसच्या आधीच गाठतो."

तीन वाक्ये, तीन मुद्दे. समुद्रसपाटीच्या वाक्यातला १०० हा आकडा तेवढा राहिला, कारण "कमी" म्हणजे कशाहून कमी हे त्याशिवाय सांगता येत नाही.

पाचवी पायरी: एकेका वाक्यावर बोट ठेवून बाकीचे वाचा. उत्तर तरीही पूर्ण वाटले तर ते वाक्य जादा आहे.

हाच प्रश्न पाच गुणांना आला तर आधी विरळ हवेचे कारण परत आणा, मग समुद्रसपाटीशी तुलना पूर्ण वाक्यात लिहा. अन्न शिजण्याचे उदाहरण प्रश्नात "उदाहरणासह" असेल तरच. दोन गुणांना आला तर पहिले वाक्य तिसऱ्यात मिसळा: "उंचावर वातावरणाचा दाब कमी असल्याने ही बरोबरी १०० अंश सेल्सिअसच्या आधीच होते." बाष्पदाबाच्या वाक्याला मात्र तेव्हाही हात लावू नका.