मायबापाच्या लग्नाच्या पंचविशीचं गाणं कसं बांधावं

सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर शब्द बसवायचा नाद पहिल्यांदा सोडा. त्या चालीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शब्द लंगडतो आणि पेंडालमधल्या लोकांना मूळ गाणंच आठवत राहतं. गावच्या भजनी मंडळाला येते ती अभंगाची चाल घ्या. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी घरोघरी ओळखीची आहे, त्यामुळे ठेका शिकवावा लागत नाही.

साचा मोठ्या अभंगाचा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. जोडाक्षर एकच मोजायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. धृपद आधी करून टाका, म्हणजे चाल पक्की होते. आमच्या आळीतल्या एका घरासाठी असं केलं होतं:

पंचवीस साल / एका धुऱ्यावर / दोघे बरोबर / मायबाप

धुऱ्यावर जोडीनं चालता येत नाही, एकामागे एक चालावं लागतं, अशी हरकत एका काकांनी घेतली. घेऊ द्या.

आता खरं अवघड काम. पंचवीस वर्षं पाच कडव्यांत आणायची म्हणून पोरं पाच-पाच वर्षांचे वाटे घालतात. लग्न झालं, पोरगी झाली, विहीर झाली, घर झालं, पोरगं नोकरीला लागलं. हे गाणं होत नाही, बायोडाटा होतो. त्यातही सगळं बाप करतो आणि मायच्या वाट्याला फक्त ‘साथ दिली’ येतं. ‘साथ’, ‘कष्ट’, ‘संसाराचा गाडा’ हे शब्द मी सरळ खोडतो, कारण ते कोणत्याही घराला चालतात. माझा नियम एकच: प्रत्येक कडव्यात दोघांच्याही हाताला काम पाहिजे.

त्यासाठी दोघांना वेगवेगळं बसवून एकाच वर्षाबद्दल विचारा. एकत्र विचारलं की बाप बोलतो आणि माय मान हलवते. वरच्या घरात लग्न २००१ चं, विहीर २००४ ची. बापानं सांगितलं ते खडकाचं, सुरुंगाचं, पाणी लागलं त्या दिवसाचं. मायला चुलीपाशी विचारलं तर ती विहिरीबद्दल बोललीच नाही. तिनं तळवा पुढे केला: काठावर उभं राहून घमेलं ओढताना दोरानं हात कसा सोलायचा ते दाखवलं. मग हळूच म्हणाली, सुरुंगाच्या पैशासाठी पोत गहाण टाकली होती. दोघांच्या सांगण्यात जिथे असा फरक पडतो, कडवं तिथंच असतं. पहिलं बांधलं ते असं:

बाप उतरला / विहिरीच्या तळी / पोत नाही गळी / मायच्या हो

अक्षरं बरोबर, यमक बरोबर, ऐकायलाही चांगलं. पण गाण्याआधी मायला ऐकवलं आणि तिनं साफ नाही म्हटलं. ज्याच्याकडे पोत ठेवली तो पंगतीला येणार होता. कर्ज, गहाण, भावकीचं भांडण, दारू यातलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय गाण्यात घालू नका. कौतुकाच्या नावाखाली चारचौघांत मान खाली घालायला लावण्यासारखं वाईट काही नाही. कडवं बदललं:

बाप उतरला / विहिरीत खोल / घमेल्याचा तोल / माय राखी

मला तर हेच जास्त आवडलं. आधीच्या कडव्यात मायचा गळा नुसता रिकामा होता, इथे बापाचा जीव तिच्या हातातल्या दोरावर आहे. आणि तिला ते उघडपणे ऐकता येतं.

वाईट साल वगळू नका, पण त्यावर अडूनही बसू नका. २०१७ च्या बोंडअळीचं एक कडवं विदर्भातल्या कापसाच्या घराला शोभतं. त्यात सरकार आणि बियाणं कंपनी यांना शिव्या घालायला जागा नाही. त्या हंगामात दोघांनी वावरात नेमकं काय केलं तेवढंच घ्या. साल गाण्यात घालू नका. विहीर म्हटलं की घरच्यांना साल आपोआप कळतं.

पाच कडवी पुरे. प्रत्येक कडव्यानंतर धृपद सगळ्यांनी म्हणायचं.

पेटीवाल्याला आठवडाभर आधी बोलवा आणि पट्टी पोरीबाळींच्या गळ्यानं ठरवा, बुवांच्या नाही, कारण धृपद त्याच उचलतात. खंजिरी हळू सुरू करा. ठेका पळाला की चौथ्या चरणाची चार अक्षरं गिळली जातात, आणि ‘माय राखी’ नेमकं तिथंच आहे.

गाणं पंगतीच्या आधी घ्या. जेवण झाल्यावर अर्धे लोक चपला शोधत असतात. डीजेवाल्याला मधे म्युझिक सोडू नको म्हणून दोनदा सांगा.