८३ च्या पुढे गाडी जाईना, चूक रेशोची

जुन्या छोट्या हॅचबॅकला इलेक्ट्रिक मोटर बसवली, पिकअपच्या नादात ९ चा गिअर रेशो घेतला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे ९ फेरे, आणि हायवेला ८३ ला कंट्रोलर पॉवर कापायला लागला, कारण मोटरची लिमिट ८००० आरपीएम. मग टायरवर खडूची खूण केली, मी आत बसून गाडी एक फेरा ढकलायला लावली, १.५५ मीटर भरलं (कोऱ्या टायरच्या साइजवरून १.६० येत होतं, वजनाने टायर बसतो ना). १०० च्या स्पीडला चाक मिनिटाला साधारण १०७५ फेरे घेतं. मोटर ७२०० च्या वर न्यायची नाही, थोडी जागा ठेवायची, म्हणून ७२००/१०७५ = ६.७. तोच गिअरसेट टाकला. चाकावरचा जोर पाऊणवर आला, म्हणून आधी चढावर चौघांना बसवून गाडी थांबवली आणि जागेवरून पुन्हा निघते का बघितलं, निघाली.