अपघाताचा अहवाल लांबतो कुठे? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी सेफ्टीचं काम बघतो. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी लॅडलमधून, म्हणजे ओतकामाच्या भांड्यातून, वितळलेलं लोखंड उसळलं आणि ओतकाम करणाऱ्या एका कामगाराचा हात नि पाऊल भाजलं. सुपरवायझरने साडेचार पानांचा अहवाल लिहिला. मनापासून लिहिलेला होता, पण तो वाचून लोखंड का उसळलं ते कळत नव्हतं. कारण त्यात होतं, पण तिसऱ्या पानाच्या मध्यावर दडलेलं.

पहिली चूक सुरुवातीची. अहवाल सुरू होत होता तो कामगार खानापूरहून पहिल्या बसने आला तिथून. मग हजेरी, चहा, शिफ्ट बदलणं. अर्धं पान त्यातच गेलं. घड्याळाप्रमाणे सकाळपासून लिहिलं म्हणजे सगळं आलं, असं वाटतं. पण अपघात त्या सकाळी सुरू झालाच नव्हता. मी उलटं मोजतो: सगळं नेमाप्रमाणे होतं अशी शेवटची वेळ कोणती? तिथून सुरू करायचं आणि धोका आटोक्यात आला तिथे थांबायचं. इथे ती वेळ आदल्या संध्याकाळची होती. लॅडलला आतून नवं अस्तर दिलं होतं आणि पाच वाजता बर्नर लावून ते वाळवायला ठेवलं होतं.

अस्तरात ओल राहिली आणि त्यावर तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड पडलं, तर ओलीची क्षणात वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारे सतराशेपट जागा मागते, आणि वाट न मिळाल्याने वरचा धातूच उडवते. म्हणून अहवालातल्या प्रत्येक वाक्याला मी एकच प्रश्न लावला: हे वाक्य काढलं तर ओल का राहिली, ती कुणाला दिसली का नाही, किंवा इजा एवढी का झाली, यातल्या एकाचंही उत्तर बदलतं का? बस, चहा, कामगाराची मुलं, त्या दिवशीची ऑर्डर, कशानेच बदलत नव्हतं. सगळं गेलं.

दुसरी चूक याच्या उलट, आणि मला ती जास्त घातक वाटते. किरकोळ दिसतं म्हणून कामाचंच कापलं जातं. ‘सायंकाळी लाईट गेली होती’ हे वाक्य सुपरवायझर काढायला निघाला होता. आमच्याकडे पावसात लाईट जातेच, त्यात काय सांगायचं? पण फोरमनमामांना विचारलं तर म्हणाले, ‘‘लाईट गेली तवा ब्लोअर बंद पडला, मग बर्नरबी विझला. परत लाईट आली, पर बर्नर कुणी पेटवलाच नाही.’’ आमच्या नियमाप्रमाणे सहा तास तापवायचं अस्तर जेमतेम दोन तास तापलं होतं. रजिस्टरमध्ये मात्र नुसतंच ‘लॅडल तापवली’. किती तास, त्याला रकानाच नव्हता. त्या एका वाक्याचा आम्ही पूर्ण परिच्छेद केला. तपशील सगळीकडे सारखा नसतो. जिथे कारण आहे तिथे मिनिटं आणि मापं हवीत, बाकी ठिकाणी एक ओळ पुरते.

मग पावसाचं काय? मूळ अहवालात पावसावर सात ओळी होत्या. पाऊस हे कारण नव्हतं, तरी मी तो पूर्ण काढला नाही. बेळगावातला जुलै म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका गळक्या छपराचीच येणार. म्हणून एक ओळ ठेवली: ‘लॅडल छपराखाली होती; त्या जागी छप्पर गळत नसल्याचं सकाळी पाहिलं.’ चेहऱ्यावरच्या शील्डचंही तसंच. ती लावलेली होती, म्हणून डोळे वाचले. साहजिक शंका खोडणारी गोष्ट कारण नसली तरी अहवालात राहते, फक्त एका ओळीत.

‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द तीनदा होता, तिन्ही वेळा काढला. तो तपशील नव्हे, निकाल आहे. त्याच्या जागी कुणी काय केलं आणि काय राहून गेलं तेवढंच लिहिलं. आठवणीतून सांगितलेल्या वेळेला ‘सुमारे’ लावलं आणि कुणी सांगितली तेही नमूद केलं. ‘सात वाजून अकरा मिनिटं’ असं नेमकं लिहायचं तर ते रजिस्टरमध्ये किंवा मीटरवर दिसायला हवं.

कापलेलं मी फेकत नाही. मराठी-कानडीत घेतलेले जबाब जसेच्या तसे फाइलला जोडतो, कारण उद्या कुणी वेगळा प्रश्न विचारला तर तेच लागतात.

अहवाल सव्वा पानावर आला. तो आधी स्टोअरकीपरला वाचायला दिला, कारण भट्टीचं काम त्याने कधी केलेलं नाही. त्याने एकच विचारलं, ‘‘लाईट आल्यावर बर्नर पेटवायचं काम कुणाचं होतं?’’ ते अहवालात नव्हतं. शोधलं तर ते काम कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. सव्वा पानात ती एक ओळ वाढवली.