एमटीटीचा रिझल्ट उलटा आला, आता गाइडला मेल काय करायचा?

लॅबमधे नवीन आलेली मुलं अशा वेळी "मॅडम, एक्सपेरिमेंट फेल गेला, परत करू का?" एवढंच लिहितात आणि मग गाइड विचारतात की परत करून वेगळं काय दिसणारे, त्याचं उत्तर मेलमधे नसतं. म्हणून मी कसा लिहिला होता ते सांगते.

वनस्पतीच्या अर्काने कॅन्सर सेल्स मरतात का ते एमटीटीने, म्हणजे जिवंत सेल्स किती उरल्या ते रंगावरून मोजणाऱ्या टेस्टने, बघत होते. डोस वाढवला की व्हायबिलिटी कमी व्हायला हवी, पण वरच्या दोन डोसला ती कंट्रोलपेक्षा जास्त आली. मेल असा होता:

"मॅडम, २०० आणि ४०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीला व्हायबिलिटी ११६ आणि १३८ टक्के आली, रेप्लिकेट्स आपसात जुळतायत. पण एमटीटी टाकायच्या आधी ४०० च्या वेल्समधे बऱ्याच सेल्स गोल होऊन सुटलेल्या दिसल्या, फोटो आणि रॉ रीडिंग जोडलंय. मला वाटतं अर्कच एमटीटीला रिड्यूस करतोय, पण या प्लेटवरून ते सिद्ध होत नाही."

यातलं फोटोचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण प्लेट रीडर एक सांगतोय आणि मायक्रोस्कोप दुसरंच. एमटीटी पिवळा असतो, जिवंत सेल्स त्याचं जांभळं फॉर्मझान करतात, पण अर्कातले पॉलिफेनॉल्स सेल्स नसतानाही तेच करू शकतात आणि ५७० नॅनोमीटरला रीडरला फरक कळत नाही.

मग रिपीटचा प्लॅन, प्रत्येक कंट्रोल कशासाठी ते सांगून. प्रत्येक डोसला सेल्स नसलेल्या वेल्स, त्यात अर्क, मीडियम आणि एमटीटी. त्या जांभळ्या झाल्या तर संशय खरा, पिवळ्याच राहिल्या तर सेल्सचा मेटाबॉलिझम खरंच वाढलाय का ते बघावं लागेल. डीएमएसओ हे सॉल्व्हंट सगळ्या वेल्समधे सारखंच, पॉझिटिव्ह कंट्रोलला सेल्स मारणारं डॉक्सोरुबिसिन, आणि कडेच्या वेल्समधे नुसता पीबीएस कारण तिथलं मीडियम जास्त उडतं. एमटीटीच्या आधी पीबीएसने धुवून अर्क काढता येतो पण त्यात सुटलेल्या सेल्सही वाहून जातात आणि आकडा खोटा खाली येतो, म्हणून वेगळ्या प्लेटवर तरंगणाऱ्या सेल्सही गोळा करून, मेलेल्या सेल्स निळ्या करणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने मोजणी. ही मर्यादा मेलमधे आपणच लिहायची, गाइड ती विचारणारच असतात.

शेवटी नेमकं काय हवंय ते, म्हणजे "या दोन प्लेट्स पुढच्या आठवड्यात लावू का, आणि ट्रायपॅन ब्लू फक्त वरच्या दोन डोसला केलं तर चालेल का?"

एक मोह मात्र टाळा, नवीन प्लेटच्या सेल्स नसलेल्या वेल्सचं रीडिंग जुन्या डेटातून वजा करून आकडे "सुधारू" नका, वेगळ्या दिवसाची वेगळी प्लेट आहे ती. जुना डेटा तसाच ठेवा आणि मेलमधेही तसं लिहा.