मोटरचे व्हायब्रेशन मोजताना या चुका टाळा: तक्ता हिरवा राहतो आणि बेअरिंग जाते

मोटरचे व्हायब्रेशन दर आठवड्याला मोजून रजिस्टरमध्ये लिहिण्याची पद्धत आता लहान कारखान्यांतही दिसते. तरीही बेअरिंग जाम होते, लाइन थांबते आणि मग मोजणीच्या उपकरणाला दोष दिला जातो. अशा वेळी मी आधी ते रजिस्टर मागून घेतो. बेअरिंग झिजत असल्याची नोंद त्यात बहुतेक वेळा सापडते. ती वाचलेली मात्र नसते.

केवळ मिमी प्रति सेकंद पाहणे

ही चूक मला सर्वांत जास्त वेळा भेटते. मेंटेनन्सच्या भिंतीवर आयएसओचा रंगीत तक्ता लावलेला असतो. त्यातील जुन्या वर्गवारीप्रमाणे १५ किलोवॉटपर्यंतच्या मोटरसाठी १.८ मिमी प्रति सेकंदापर्यंतचा कंपनाचा वेग समाधानकारक मानला जातो. हा आकडा १० ते १००० हर्ट्झ या पट्ट्यातील एकूण कंपनाचा आहे. बिघडलेला तोल, कपलिंगची चुकलेली सरळ रेषा, ढिले फाउंडेशन बोल्ट हे दोष तो उत्तम दाखवतो. बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे बॉल ज्या कड्यावरून धावतात त्यावर, पडलेला पहिला खड्डा मात्र त्यात जवळजवळ दिसत नाही, कारण बॉल त्या खड्ड्यावरून जाताना बसणारा धक्का फार सूक्ष्म असतो आणि त्याची ऊर्जा काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तो धक्का पकडायचा असेल तर त्याच बिंदूवर प्रवेगही, म्हणजे ‘जी’मधले रीडिंगही, घ्यावे लागते.

चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग धुण्याच्या मशीनवर स्प्रे पंपाची मोटर होती: दीड किलोवॉट, १४४० आरपीएम, दोन्ही बाजूंना ६२०५ बेअरिंग. ती जाम झाल्यावर मला बोलावले गेले. कपलिंगच्या बाजूच्या बेअरिंगवरची शेवटच्या पाच आठवड्यांतील वेगाची रीडिंग्ज १.२, १.२, १.३, १.४ आणि १.७ अशी होती, म्हणजे तक्त्याप्रमाणे सगळी हिरव्या भागात. शेजारच्या रकान्यात प्रवेग मात्र ०.६, ०.९, १.६, २.७ आणि १.९ जी असा लिहिलेला होता. तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्या रीडिंगच्या अडीचपटीवर गेला होता, तरी त्या रकान्याला भिंतीवर तक्ता नसल्यामुळे कोणी त्याकडे पाहिले नव्हते.

उपकरणात साठवलेले स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती कंपन आहे ते दाखवणारे आलेखही मी उघडले. शाफ्ट सेकंदाला २४ फेरे घेत होता. ६२०५ या बेअरिंगमध्ये आउटर रेसवरचा दोष शाफ्टच्या वेगाच्या सुमारे ३.५८५ पट वारंवारतेवर उमटतो, म्हणजे येथे ८६ हर्ट्झवर. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याच्या एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे धक्के किती वेळा पुन्हा बसतात ते वेगळे काढून दाखवणाऱ्या आलेखात, ८६, १७२ आणि २५८ हर्ट्झवर स्पष्ट शिखरे होती. शाफ्टच्या वेगाची पूर्ण पट २४, ४८, ७२, ९६ अशी जाते. ८६ त्यात बसत नाही. म्हणून तोल किंवा कपलिंगच्या दोषाशी त्याची गल्लत होण्याचे कारण नव्हते.

रीडिंग उतरले म्हणजे बेअरिंग सुधारले, असे समजणे

याच मोटरची खरी शोकांतिका पाचव्या आठवड्यात घडली. २.७ जी पाहून एका सुपरवायझरने त्या आठवड्याअखेरच्या रविवारी बेअरिंग बदलायचे ठरवले होते. सोमवारी १.९ आले, ‘आता कमी झाले आहे’ असा शेरा पडला आणि ते काम रद्द झाले. गुरुवारी मोटर जाम झाली, वाइंडिंग जळाले आणि स्टोअरमध्ये तयार मोटर नसल्याने पूर्ण शिफ्ट गेली.

झिजलेले बेअरिंग आपोआप बरे होत नाही. खड्डा पसरत जातो, तशा त्याच्या धारदार कडा बॉलखाली दाबल्या जाऊन बोथट होतात. आतली फट वाढते आणि सुटे, तीव्र धक्के विस्कळीत खडखडाटात मिसळतात. त्यामुळे प्रवेग काही काळ उतरू शकतो. त्याच सुमारास शाफ्टला मोकळीक मिळाल्याने वेगाचा आकडा चढू लागतो. वरील रजिस्टरमध्ये नेमके हेच आहे: प्रवेग २.७ वरून १.९ वर आला आणि वेग १.४ वरून १.७ वर गेला. स्पेक्ट्रममध्ये ८६ हर्ट्झचे शिखर खाली बसले होते आणि सगळी तळरेषाच वर उचलली गेली होती. ही जोडी दिसली की मी रविवारची वाट पाहत नाही. पुढच्या शिफ्ट बदलाच्या वेळी मोटर उतरवायला सांगतो.

ग्रीस निपल असलेल्या मोठ्या मोटरवर हाच धोका वेगळ्या रूपात येतो. रीडिंग वाढले की ग्रीस मारायचे आणि ते उतरले की नोंद बंद करायची, ही घाईच्या लोकांची आवडती युक्ती आहे. केवळ वंगण कमी पडले असेल तर रीडिंग उतरते आणि खालीच राहते. रेसवर खड्डा असेल तर ते थोडक्या दिवसांत पुन्हा चढते. म्हणून ग्रीस दिल्यानंतर मी दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा मोजतो आणि नोंदीसमोर ग्रीस दिल्याची तारीख लिहितो.

दर वेळी वेगळ्या जागी मोजणे

फॅन कव्हरवर सेन्सर टेकवलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो पातळ पत्रा स्वतःच थरथरत असतो; बेअरिंगचा त्या आकड्याशी फारसा संबंध नसतो. हाताने दाबून धरलेल्या प्रोबवरही सुमारे १००० हर्ट्झच्या वर विसंबता येत नाही, म्हणजे झीज ज्या पट्ट्यात आधी दिसते तोच पट्टा हातातून निसटतो. बेअरिंग हाउसिंगवर सपाट जागा निवडून रंग खरवडावा, सेंटर पंचने खूण करावी आणि सेन्सरचा मॅग्नेट तिथेच लावावा. बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर इपॉक्सीने पोलादी चकती चिकटवावी. नवशिक्यांना यातला अर्धा तास जड वाटतो, पण या अर्ध्या तासाशिवाय पुढच्या वर्षभराचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

व्हीएफडीवरच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवरच्या, मोटरचे रीडिंग नेहमी एकाच वेगावर घ्यावे. ५० हर्ट्झचे आणि ३५ हर्ट्झचे रीडिंग एका आलेखात टाकू नये. रीडिंगसोबत अँपिअरही लिहावेत, कारण रिकाम्या आणि भरल्या पंपाची तुलना होत नाही.

मोटरच्या नोंदीत बेअरिंगचा नंबर नसणे

नंबर नसेल तर ८६ हर्ट्झ कशाचे हे ठरवता येत नाही. दोन्ही टोकांची बेअरिंग वेगळी असू शकतात, म्हणून दोन्ही नंबर लिहावेत.

काढलेले बेअरिंग भंगारात टाकणे

बेअरिंग कधी काढायचे, याची मर्यादा मी मोटरच्या स्वतःच्या रीडिंगवरून ठरवतो. नवे बेअरिंग बसवून एक दिवस मोटर चालली की घेतलेले रीडिंग हा पाया धरतो. प्रवेग दुप्पट झाला की दुसऱ्याच दिवशी पुन्हा मोजतो. तो तिप्पट झाला किंवा दोषाची शिखरे दिसली की बेअरिंग मागवून बदलण्याची वेळ नक्की करतो. ही माझी सवय आहे, तो काही मानकातला नियम नाही. बेअरिंग नेमके किती दिवस टिकेल, हे कंपनावरून सांगता येत नाही.

काढलेले बेअरिंग मी कापून पाहतो. धुण्याच्या मशीनवरच्या त्या ६२०५ मध्ये आउटर रेसच्या खालच्या, भार येणाऱ्या भागात लांबट खवले उडालेले होते आणि उरलेल्या ग्रीसमध्ये तांबूस गंज होता. शिफ्टच्या शेवटी मशीन पाइपने धुताना पाणी थेट मोटरच्या शाफ्टवर पडत होते आणि पत्र्याच्या शील्डचे झेडझेड बेअरिंग ते अडवू शकत नव्हते. नव्या मोटरला रबर सीलचे टू-आरएस बेअरिंग बसवले, शाफ्टवर पाणी उडवून लावणारी रबरी रिंग घातली आणि मोटरवर पत्र्याचे छत केले. त्यानंतर तिथला प्रवेग ०.६ जीच्या आसपास टिकून आहे.