ऊसतोडीच्या पोरांच्या वाचनवर्गासाठी ग्रँट मागायचीय? आधी लॉजिक मॉडेल मांडा

बरेच जण प्रपोजलची पहिली दोन पानं संस्थेच्या इतिहासात घालवतात. ते नंतर बघू, आधी एका कागदावर लॉजिक मॉडेल, म्हणजे इनपुट, अॅक्टिव्हिटी, आउटपुट नि आउटकम असे ओळीनं चार रकाने मांडा आणि तेही उलटं, म्हणजे शेवटी पोरांत काय बदल दिसायला पाहिजे इथनं सुरू करायचं.

समजा शिरोळ तालुक्यात कारखान्याजवळ बीडकडच्या टोळ्यांच्या खोप्या पडल्यात आणि त्यात १४ ते १८ वयाची, शाळा सुटलेली ६० पोरंपोरी आहेत. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच, म्हणून ही कुठल्याच पटावर नसतात, हे गरजेच्या भागात दोन ओळीत लिहा.

आता 'साक्षरता वाढेल' असं लिहू नका, ते मोजणार कसं? आधी एकेकाला बसवून वाचायला लावा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. समजा ४० जण परिच्छेदाच्या खाली निघाले, तर आउटकम असं लिहा: 'या ४० पैकी २५ जण फेब्रुवारीत सोपा परिच्छेद न अडखळता वाचतील.' मग मागं या, त्यासाठी किती वर्ग भरायला पाहिजेत आणि किती जण नियमित यायला पाहिजेत हे आउटपुट, रोज काय शिकवणार ही अॅक्टिव्हिटी, शिक्षक नि पुस्तकं हे इनपुट. '१०० वर्ग घेतले' हे आउटकमच्या रकान्यात दिसलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की ह्यांचा घोळ झालाय.

खरी गंमत गृहीतकांत आहे. मोठी पोरगी दिवसभर खोपीवर धाकट्यांना सांभाळते, संध्याकाळी चूल नि पाणी तिच्याच गळ्यात, आणि पोरगा फडात कोयता मारून अंधारात येतो, म्हणजे संध्याकाळचा एकच वर्ग लिहिलात तर पोरी येणारच नाहीत. पोरींचा दुपारी, धाकट्यांना सोबत घेऊन, पोरांचा रात्री, असे दोन वेगळे वर्ग दाखवा.

मॉनिटरिंग प्लॅनला चार रकाने पुरतात: काय मोजणार, कशावरनं, कोण, कधी. 'कधी'त बहुतेक जण फसतात, आर्थिक वर्ष मार्चला संपतं म्हणून शेवटची चाचणी मार्चअखेर ठेवतात आणि तोवर गाळप आटोपून टोळ्या गावाकडं गेलेल्या असतात. ती फेब्रुवारीतच घ्या, आणि मधेच कुणाची टोळी हलणार असं मुकादमाकडनं कळलं की त्या पोराची त्याच दिवशी घ्या. टक्केवारी मात्र सुरुवातीच्या ४० वरच काढायची, उरलेल्यांवर नाही, नाहीतर कच्ची पोरं गळाली की आकडा आपोआप फुगतो.

चाचणी शिकवणाऱ्यानं घ्यायची नाही. दर महिन्याला दुसऱ्या कुणीतरी चिठ्ठ्या टाकून पाच पोरं निवडावी आणि वाचायला लावावी, रजिस्टरमधल्या पातळीशी जुळतंय का बघावं. ह्या माणसाचं मानधन नि पेट्रोल बजेटमध्ये वेगळी ओळ करून टाका, नाहीतर कामाच्या गडबडीत ही तपासणीच पहिली सुटते.